माहेरी डिलिव्हरी, इंदूरला सासर: बाळाचा डॉक्टर कसा निवडावा, काय विचारावं आणि वहीत काय लिहावं

प्रश्न: आम्ही इंदूरला सुदामानगरमध्ये राहतो, मला आठवा लागलाय. डिलिव्हरी माहेरी नाशिकला होणार आणि साधारण तीन महिन्यांनी बाळाला घेऊन परत येणार. इंदूरमध्ये बाळासाठी डॉक्टर कसा शोधू? सासूबाई म्हणतात घरच्या जुन्या डॉक्टरांनाच दाखवू, ते सगळ्यांना बघतात. चेकअपला काय काय विचारायचं असतं आणि रेकॉर्ड म्हणून नक्की काय ठेवायचं, मोबाइलमधलं ॲप पुरेल का?

उत्तर:

मी बालरोगतज्ज्ञ आहे, इंदूरमध्येच बरीच वर्षं प्रॅक्टिस करतेय, आणि तुमच्यासारख्या मुली दर महिन्याला बघते. बाळंतपण पुण्या-नाशिकला किंवा बडोद्याला, आणि बाळ अडीच-तीन महिन्यांचं झालं की इंदूर. या बाळांची अडचण एकच असते, पहिल्या तीन महिन्यांची माहिती माहेरच्या कपाटात राहून जाते आणि इथला डॉक्टर कोऱ्या पाटीवर सुरुवात करतो. म्हणून मी उलट्या बाजूने सांगते, आधी रेकॉर्ड, मग डॉक्टर. कारण डॉक्टर बरा की नाही हे कळायची माझ्या मते सगळ्यात सोपी खूण हीच, की तुम्ही पुढे केलेल्या वहीचं आणि वजनाच्या आकड्याचं तो काय करतो.

आधी एक केस सांगते, ओळख पटणार नाही इतपत बदल करून. मुलगी, नाशिककडेच माहेरी जन्म, पूर्ण दिवसांची, जन्माचं वजन २.९ किलो. तिसऱ्या दिवशी डिस्चार्जला २.६८. इथे घरचे घाबरतात पण पहिल्या काही दिवसांत सात-आठ टक्के वजन उतरणं चालतं, दहा टक्क्यांच्या वर गेलं तर मात्र दूध नीट पोचतंय का ते बघावं लागतं. दोन आठवड्यांत वजन जन्माच्या आकड्यावर परत यायला हवं, हिचं चौदाव्या दिवशी २.९५ होतं, म्हणजे उत्तम. सहा आठवड्यांना ३.८, दहा आठवड्यांना ४.५५. चार आठवड्यांत ७५० ग्रॅम, म्हणजे रोजचे साधारण २७ ग्रॅम, छान चाललंय. मग अकराव्या आठवड्यात आई बाळाला घेऊन इंदूरला आली. डिसेंबरची थंडी. तेराव्या आठवड्यात कुठेतरी वजन केलं, स्वेटर, दुपटं, डायपर सगळ्यासकट, आकडा आला ५.१. घरात सगळे खूश, पाच किलोची झाली म्हणून. चौदा आठवड्यांच्या लसीला माझ्याकडे आली तेव्हा आम्ही पूर्ण कपडे काढून वजन केलं, ४.७५.

आता हा ४.७५ आकडा एकटा बघितला तर कुणीही म्हणेल ठीक आहे, बारीक आहे पण खेळतेय ना. डब्ल्यूएचओच्या मुलींच्या तक्त्यावर सुद्धा तो सगळ्यात खालच्या काळजीच्या रेषेच्या किंचित वरच पडतो. पण आईने नाशिकची फाइल आणली होती, सगळे ठिपके एका तक्त्यावर टाकले आणि चित्र बदललं. दहा आठवड्यांपर्यंत रेषा एकाच वाटेने वर चाललेली आणि तिथून पुढे जवळजवळ आडवी. २८ दिवसांत २०० ग्रॅम, म्हणजे दिवसाला सात. या वयात निदान वीस ग्रॅमच्या आसपास हवेत. म्हणजे मुलगी बारीक आहे एवढंच नव्हतं, ती वाढायची थांबत आली होती, आणि कधीपासून ते तारखेसकट समोर होतं.

मग पुढचा प्रश्न, अकराव्या आठवड्यात बदललं काय? आईच्या वहीत होतं. इंदूरला आल्यावर तिचं घरून काम सुरू झालं, दिवसा तीन वेळा बाटली, आणि बाटलीसमोर लिहिलेलं: '१२० एमएल, २ चमचे'. तिच्या डब्यावर प्रमाण होतं ३० एमएल पाण्याला एक सपाट चमचा, म्हणजे १२० ला चार हवेत. घरात कुणीतरी सांगितलेलं की घट्ट दूध बाळाला पचत नाही, पातळच दे. म्हणजे दिवसाच्या प्रत्येक बाटलीत बाळाला निम्मंच दूध मिळत होतं आणि पोट मात्र पाण्याने भरत होतं, त्यामुळे ती रडतही नव्हती. वहीत लघवीच्या खुणा दिवसाला सात-आठ होत्या, म्हणून पाणी कमी पडत नाही हे पण कळत होतं. आम्ही लघवीची तपासणी करून घेतली, कारण तान्ह्या मुलींमध्ये लघवीचं इन्फेक्शन ताप न येता पण वजन अडवू शकतं, ती नॉर्मल आली. बाटलीचं प्रमाण सुधारलं, आईला दूध काढून ठेवायला शिकवलं, रात्रीचं अंगावरचं चालूच होतं. दोन आठवड्यांनी त्याच काट्यावर, तसंच बिनकपड्यांनी ५.२.

ही वही नसती तर काय झालं असतं? बहुतेक एक टॉनिक, एक भूक वाढवायचं सिरप, कदाचित चार-पाच रक्ततपासण्या, आणि सासू-सुनेत 'हिचं दूध पुरत नाही' हा वाद. म्हणून मी वहीबाबत एवढी आग्रही आहे.

वही म्हणजे साधी शंभर पानी, ॲप नको असं नाही, ॲप ठेवा, पण रात्री दोनला बाळाला घेऊन दवाखान्यात पळताना फोन नवऱ्याकडे असतो आणि लॉक असतो. शिवाय आजी ॲपमध्ये लिहीत नाही, वहीत लिहिते. आणि लसीचं कार्ड वेगळं ठेवा, सरकारी मातृ-शिशु सुरक्षा कार्ड असो नाहीतर दवाखान्याची पुस्तिका असो, त्याला दुसरं काही चिकटवू नका.

वहीच्या पहिल्या पानावर जन्माची माहिती, आणि ती डिस्चार्ज कार्डावरून उतरवायची, आठवणीतून नाही. किती आठवड्यांना जन्म, जन्माचं वजन, जन्मल्याबरोबर रडलं का, आईचा आणि बाळाचा रक्तगट, कावीळ किती होती आणि फोटोथेरपी लागली का, व्हिटॅमिन के चं इंजेक्शन दिलं का, थायरॉइडची तपासणी झाली का, कानाची तपासणी झाली का. शेवटच्या दोन गोष्टी मी मुद्दाम सांगतेय. कानाची तपासणी पहिल्या महिन्यात व्हावी, त्यात शंका आली तर तीन महिन्यांच्या आत नक्की निदान आणि सहा महिन्यांच्या आत उपाय, असा जगभर धरलेला हिशोब आहे, आणि तुमचे पहिले तीन महिने नाशिकला जाणार. 'इंदूरला गेल्यावर करू' म्हणून ही तपासणी राहते आणि इंदूरचा डॉक्टर समजतो नाशिकला झाली असेल. म्हणून निघायच्या आधी डिस्चार्ज कार्डाची मूळ प्रत आणि एक झेरॉक्स बॅगेत टाकाच. वजनाच्या आणि तपासणीच्या ज्या चिठ्ठ्या चकचकीत कागदावर छापून मिळतात त्या काही महिन्यांत फिक्या पडून कोऱ्या होतात, त्यांचे लगेच फोटो काढा आणि आकडे वहीत लिहा.

दुसरं पान वजनाचं. तारीख, वय आठवड्यांत, वजन, कुठल्या काट्यावर, कपडे होते का. बस. कपडे काढून, डायपर काढून, दूध पाजायच्या आधी केलेलं वजनच खरं धरायचं, ओल्या डायपरचंच शंभर-दीडशे ग्रॅम असतं. रोज वजन करू नका, घरी काटा आणू नका, उगाच जीव टांगणीला लागतो. पहिल्या दोन आठवड्यांत डॉक्टर बोलावतील तेव्हा, मग लसीच्या वेळी, एवढं पुष्कळ. लांबी आणि डोक्याचा घेर पण डॉक्टरांकडून मोजून घ्या आणि त्याच ओळीत लिहा. डोक्याचा घेर पुष्कळ ठिकाणी राहून जातो.

तिसरं पान लसींचं, कार्ड असलं तरी. इथे दोन शहरं असल्यामुळे फक्त 'रोटा दिला' एवढं पुरत नाही, लसीचं ब्रँडचं नाव हवं. रोटाव्हायरसच्या काही ब्रँडचे दोन डोस असतात, काहींचे तीन, नाव माहीत नसेल तर इंदूरचा डॉक्टर अंदाजाने ठरवणार. कुपीवर स्टिकर असतं ते कार्डावर लावून घ्या, नसेल तर नाव, बॅच नंबर, एक्स्पायरी आणि कुठल्या मांडीला दिली ते लिहा. सरकारी केंद्रात दिलेली लस यू-विन पोर्टलवर चढते, मोबाइल नंबरने सर्टिफिकेट निघतं, पण खासगीतला डोस त्यात असेलच असं नाही. आणि प्रवासामुळे एखादा डोस दोन-तीन आठवडे मागे पडला तर घाबरू नका, कोर्स पहिल्यापासून सुरू करावा लागत नाही, जिथे थांबला तिथून पुढे नेतात. बीसीजीच्या जागी डाव्या दंडावर महिना-दीड महिन्यात फोड येतो, कधी थोडा पू येतो, मग व्रण पडतो. तो फोड कधी माहेर सोडायच्या सुमारासही पूर्ण बरा झालेला नसतो आणि प्रवासात काहीतरी चावलं म्हणून त्याला मलम लावतात. काही लावायचं नाही, दाबायचं नाही, फक्त तारीख लिहा.

औषधांचं पान सगळ्यात जास्त उपयोगी पडतं आणि सगळ्यात कमी लोक लिहितात. औषधाच्या नावापुढे त्याची ताकद लिहायची, म्हणजे किती एमएलमध्ये किती मिलिग्रॅम. का ते पॅरासिटामॉलवरून सांगते. पाच किलोच्या बाळाला एका वेळी किलोला १५ मिलिग्रॅम या हिशोबाने ७५ मिलिग्रॅम लागतं. थेंबांच्या बाटलीत बहुतेक एका एमएलमध्ये १०० असतं, म्हणजे पाऊण एमएल. साध्या सिरपमध्ये पाच एमएलमध्ये १२० असतं, म्हणजे तीन एमएल. आता गेल्या वेळची चिठ्ठी सिरपची, घरात बाटली थेंबांची, आणि आजी आठवणीने तीन एमएल देते, झालं चारपट औषध. मोठ्या मुलांचं २५० वालं सिरप असतं ते आणखी वेगळं. म्हणून फोनवर मला कुणी 'डॉक्टर, तापाचं किती देऊ' विचारलं की मी आधी बाळाचं वजन आणि मग बाटलीवरचा आकडा वाचून दाखवा म्हणते. तुमचे डॉक्टर तसंच करतात का ते बघा. आणि हे डोसचं गणित तीन महिन्यांच्या पुढच्या बाळांसाठी. तीन महिन्यांच्या आतल्या बाळाला १००.४ फॅरनहाइट किंवा वर ताप दिसला तर औषध देऊन वाट बघायची नाही, त्याच वेळी दाखवायचं, मग रात्र असो की दिवाळी.

खोकल्याच्या औषधाबद्दल आपल्या मध्य प्रदेशात वेगळं सांगायला नको. २०२५ मध्ये छिंदवाड्याची मुलं विषारी भेसळ असलेल्या सिरपमुळे गेली, किडनी निकामी होऊन. त्यानंतर केंद्राच्या आरोग्य सेवा महासंचालनालयाने पुन्हा स्पष्ट सांगितलं की दोन वर्षांच्या आतल्या मुलांना सर्दी-खोकल्याची औषधं लिहूच नयेत, आणि पाच वर्षांच्या आत सुद्धा सहसा नकोत. म्हणजे तान्ह्याच्या सर्दीला नाकात सलाइनचे थेंब, अंगावरचं दूध आणि श्वासावर लक्ष. कुणी सिरप लिहिलंच तर 'हे कशासाठी, नाही दिलं तर काय होईल' हा प्रश्न न लाजता विचारा. आणि दिलेल्या प्रत्येक बाटलीचा लेबलसकट फोटो ठेवा, कंपनी आणि बॅच नंबर दिसेल असा, काही झालं तर तोच कामाला येतो.

याच पानावर बाळगुटी, ग्राइप वॉटर, घुटी, मध जे काही घरात दिलं जातं ते सुद्धा लिहा. माझं मत विचाराल तर सहा महिन्यांपर्यंत अंगावरचं दूध आणि डॉक्टरांनी सांगितलेले व्हिटॅमिन डी चे थेंब सोडून काहीच नको, आणि मध तर वर्षभर नकोच, त्यातून बोट्युलिझम नावाचा आजार होऊ शकतो ज्यात बाळाचे स्नायू लुळे पडतात. पण आजीने वेखंड-जायफळ उगाळून चाटवलंच असेल आणि बाळ त्या दिवशी फार झोपाळलेलं असेल तर मला ते माहीत असायला हवं. आजीला कुणी बोलणार नाही, पण लपवू नका.

आता चेकअपचे प्रश्न. आया माझ्यासमोर बसतात, बाळ रडतं, बाहेर नंबर लागलेले, आणि ठरवून आणलेलं सगळं डोक्यातून जातं. म्हणून आदल्या रात्री वहीत लिहा, पण वीस प्रश्न नको, तीनच, महत्त्वाचा सगळ्यात वर. आणि प्रश्नात निष्कर्ष नको, जे दिसलं ते लिहा. 'पोट बिघडलंय' यावरून मला काहीच कळत नाही. 'तीन दिवसांपासून दिवसाला आठ वेळा, पिवळी, पाण्यासारखी नाही, दूध नेहमीसारखं पितं, लघवी सात वेळा' यावरून मी न तपासता सुद्धा नव्वद टक्के सांगू शकते की हे अंगावर पिणाऱ्या बाळाचं नॉर्मल आहे. 'श्वास जोरात चालतो' यापेक्षा बाळ शांत झोपलेलं असताना पूर्ण एक मिनिट पोटाची हालचाल मोजा, दोन महिन्यांच्या आत साठ किंवा जास्त, दोन महिन्यांपासून वर्षापर्यंत पन्नास किंवा जास्त असेल तर ते चेकअपपर्यंत थांबवायचं नाही, तेव्हाच निघायचं. बाळ विचित्र हात-पाय झटकत असेल तर व्हिडिओ काढा, चेहरा आणि हात-पाय दिसतील असा, कारण दवाखान्यात आल्यावर बाळ हसत असतं.

एक गोष्ट नाशिकला असतानाच विचारायची, सहा आठवड्यांच्या भेटीच्या आधी. बाळाची कावीळ दोन आठवड्यांच्या पुढे राहिली असेल तर शीचा रंग बघा. पिवळी, मोहरीसारखी, हिरवट, सगळं चालेल. पांढुरकी, मातकट-चुन्यासारखी शी आणि कपड्याला डाग पडेल अशी गडद पिवळी लघवी दिसली तर दिवसाउजेडात फोटो काढून त्याच दिवशी दाखवा आणि रक्तात डायरेक्ट बिलिरुबिन करायचं का हे स्पष्ट विचारा. पित्ताची नळी बंद असण्याचा एक आजार आहे, त्याचं ऑपरेशन दोन महिन्यांच्या आत झालं तर बरं होण्याची शक्यता खूप जास्त असते, आणि आपल्याकडे ही बाळं 'कोवळ्या उन्हात ठेवा, जाईल' या सल्ल्यात ते दोन महिने घालवतात. हे दुर्मीळ आहे, पण हा प्रश्न विचारायला काहीच लागत नाही.

बाकी भेटींना प्रश्न वयाप्रमाणे बदलतात. सहा आठवड्यांना बाळ तुमच्या चेहऱ्याकडे बघून हसायला लागलंय का हे सांगा, आणि डॉक्टरांनी खुबे तपासले का, हृदय ऐकलं का ते विचारा. चौदा आठवड्यांना, म्हणजे तुमची इंदूरची पहिली भेट, एकच प्रश्न: 'जन्मापासूनची सगळी वजनं ही आहेत, तक्त्यावर लावून दाखवाल का?' सहा महिन्यांच्या जवळ वरचं अन्न, किती घट्ट, किती वेळा, त्यात डाळ-अंडं-तूप कधी, आणि आयर्न सुरू करायचं का. नऊ महिन्यांना बसणं, नावाला वळून बघणं, आणि गोवर-रुबेलाची लस.

तर आता डॉक्टर. घरच्या जुन्या डॉक्टरांबद्दल सासूबाईंचा विश्वास चुकीचा नाही, मोठ्यांच्या बीपी-शुगरला तेच योग्य. पण पहिल्या वर्षात बाळासाठी बालरोगतज्ज्ञच हवा, एमडी पेडियाट्रिक्स, डीएनबी किंवा डीसीएच. पाटीवर नुसतं 'बच्चों के डॉक्टर' असेल तर खाली डिग्री वाचा, चिठ्ठीवर मेडिकल कौन्सिलचा रजिस्ट्रेशन नंबर छापलेला असतो, तो नॅशनल मेडिकल कमिशनच्या वेबसाइटवर रजिस्टरमध्ये शोधता येतो. जुन्या डॉक्टरांना विचारा की ते स्वतः बाळांना कुणाकडे पाठवतात, सासूबाईंचा मान पण राहतो आणि नाव बहुतेक चांगलंच मिळतं.

तुम्ही नाशिकला निघायच्या आधी, म्हणजे याच महिन्यात, दोघं नवरा-बायको एकदा जाऊन भेटून या. पाच मिनिटं पुरतात. विचारायचं हे: रात्री दोन वाजता बाळ आजारी पडलं तर आम्ही कुठे जायचं, तुम्ही बाहेरगावी असाल तर कोण बघतं, ॲडमिट करायची वेळ आली तर कुठल्या हॉस्पिटलमध्ये, तिथे लहान मुलांचं आयसीयू आहे का. उत्तर गोल गोल आलं तर पुढचं घर बघा. 'मला कधीही फोन करा' हे ऐकायला गोड वाटतं, पण 'रात्री मी फोन घेत नाही, अमुक हॉस्पिटलच्या इमर्जन्सीत जा, तिथले डॉक्टर मला कळवतात' असं सरळ सांगणारा डॉक्टर मला जास्त भरवशाचा वाटतो. सरकारीमध्ये एम.वाय. आणि चाचा नेहरू बाल चिकित्सालय आहे, ते पत्ते वहीच्या मागच्या कव्हरवर लिहून ठेवा, त्याच्याखाली १०८. आणि अंतर बघा. सुदामानगरहून विजयनगरचा नावाजलेला डॉक्टर म्हणजे संध्याकाळच्या ट्रॅफिकमध्ये पाऊण तास. लसीला ठीक आहे, तापाच्या बाळाला नाही. मी तर म्हणेन वीस मिनिटांत पोचता येईल असाच निवडा.

तिथे बसल्या-बसल्या आजूबाजूला बघा. लसीला आलेली निरोगी बाळं आणि खोकणारी मुलं एकाच बाकावर आहेत का, की लसीची वेळ वेगळी ठेवलीय. लसीचा फ्रिज स्वतंत्र आहे की त्यात पाण्याच्या बाटल्या आणि डबे पण आहेत, लाइट गेल्यावर बॅकअप काय, हे विचारायला हरकत नाही. भिंतीवर फॉर्म्युला दुधाच्या कंपनीचं कॅलेंडर किंवा पोस्टर दिसलं तर मी तिथून उठेन. १९९२ च्या कायद्याने दोन वर्षांपर्यंतच्या बाळांच्या दुधाची जाहिरात आणि डॉक्टरांना त्यासाठी भेटवस्तू देणं बंद आहे, आणि तरी ते भिंतीवर असेल तर ती व्यक्ती तुमचं अंगावरचं दूध टिकवायला किती मेहनत घेईल हे तुम्हीच ठरवा.

खरी परीक्षा मात्र पहिल्या तपासणीत. बाळाचे कपडे काढून बघतात का, की दुपट्यावरूनच स्टेथोस्कोप लावतात. वजन आकडा म्हणून लिहितात की तक्त्यावर ठिपका टाकतात, आणि मुलीला मुलींचाच तक्ता वापरतात का, कारण मुलाच्या तक्त्यावर मुलगी उगाच कमी वजनाची दिसते. आणलेली नाशिकची फाइल उघडतात का. साध्या सर्दीला पहिल्याच दिवशी अँटिबायोटिक लिहितात का. औषधाचं नाव वाचता येईल असं लिहितात, की पुड्या बांधून किंवा लेबल नसलेल्या बाटलीतून देतात, ज्यात काय आहे हे दुसऱ्या डॉक्टरला कधीच कळणार नाही. असं विनानावाचं औषध मिळत असेल तर गर्दी कितीही असो, तिथे बाळाला नेऊ नका.

फी, वेटिंग, स्वभाव हे सगळं नंतर. थोडा कमी बोलणारा पण तुमची वही वाचणारा डॉक्टर चालेल, खूप गोड बोलणारा आणि न वाचणारा नको. मराठी येत असेल तर सासूबाईंना बरं वाटेल हे खरं, पण इंदूरमध्ये हिंदीतून सुद्धा सगळं नीट विचारता येतं, तेवढ्यासाठी लांब जाऊ नका.

आणि समजा सहा महिन्यांनी पटलं नाही तर डॉक्टर बदला, त्यात लाजण्यासारखं काही नाही, आमच्याकडून पण पेशंट जातात आणि आमच्याकडे पण येतात. फक्त जाताना लसीचं कार्ड, चिठ्ठ्या आणि ॲडमिट झालं असेल तर डिस्चार्ज समरी मागून घ्या, ती तुमचीच आहे. नवीन डॉक्टरांपुढे पहिल्या दिवशी सगळी फाइल टाकू नका, वहीचं पहिलं पान, वजनाचं पान आणि सध्या चालू असलेली औषधं एवढंच उघडून ठेवा, बाकीचं ते मागतील तसं द्या.

नाशिकच्या डॉक्टरांचा नंबर मात्र वहीत राहू द्या, पहिल्या तीन महिन्यांबद्दल काही शंका आली तर इथले डॉक्टर थेट त्यांच्याशी बोलू शकतात.